संहती आणि वेळेच्या तक्त्यावरून अभिक्रियेची कोटी आणि अर्धायुकाल

रासायनिक गतिकीचा प्रश्न बहुतेक वेळा एका छोट्या तक्त्याच्या रूपात समोर येतो. एका रकान्यात वेळ, शेजारी संहती, आणि खाली विचारलेलं असतं: अभिक्रियेची कोटी सांगा, अर्धायुकाल काढा. विद्यार्थी लगेच ln चा आलेख काढतात, बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत दिसले की ‘प्रथम कोटी’ लिहितात आणि ०.६९३ ला k ने भागून मोकळे होतात. पुष्कळदा उत्तर बरोबरही येतं, कारण परीक्षेतल्या बऱ्याच अभिक्रिया प्रथम कोटीच्या असतात. पण ज्या दिवशी अभिक्रिया द्वितीय कोटीची असते, त्या दिवशी हीच सवय घात करते. म्हणून इथे मुद्दाम द्वितीय कोटीचं उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत सोडवतो.

उदाहरण नायट्रोजन डायऑक्साइडच्या विघटनाचं आहे. ३०० अंश सेल्सिअसला हा तपकिरी वायू नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनमध्ये मोडतो:

2NO₂ → 2NO + O₂

वेळेनुसार NO₂ ची संहती अशी उतरत जाते:

| वेळ (सेकंद) | संहती (मोल प्रति लिटर) |
|---|---|
| ० | ०.०१००० |
| ५० | ०.००७८७ |
| १०० | ०.००६४९ |
| २०० | ०.००४८१ |
| ३०० | ०.००३८० |

आधी नेमकं काय शोधायचंय ते

संहती कमी होत गेली की अभिक्रियेचा वेगही बदलतो. तो किती बदलतो, हे कोटी सांगते. संहती निम्मी झाल्यावर वेग होता तेवढाच राहिला तर शून्य कोटी, वेगही निम्मा झाला तर प्रथम कोटी, आणि वेग एक चतुर्थांशावर आला तर द्वितीय कोटी. अडचण एवढीच की तक्त्यात वेग दिलेला नसतो, संहती दिलेली असते. म्हणून समाकलन करून मिळालेली तीन समीकरणं वापरायची. c₀ ही सुरुवातीची संहती, c ही t वेळेनंतरची संहती आणि k हा वेग स्थिरांक धरला, तर:

शून्य कोटी: c = c₀ − kt

प्रथम कोटी: ln c = ln c₀ − kt

द्वितीय कोटी: 1/c = 1/c₀ + kt

तिन्ही समीकरणं सरळ रेषेची आहेत, हे पाहिलं की पुढचं काम उलगडतं. शून्य कोटीत खुद्द संहती एकसारख्या गतीने घटते, प्रथम कोटीत तिचा लॉग एकसारखा घटतो आणि द्वितीय कोटीत तिचा व्यस्त एकसारखा वाढतो. यांपैकी कोणती राशी खरोखर एकसारख्या गतीने बदलते आहे, तेवढंच तपासायचं.

आकडेमोडीआधी तक्ता नुसता वाचा

कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी दोन मिनिटं तक्त्याकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे. संहती निम्मी व्हायला किती वेळ लागला, म्हणजे अर्धायुकाल, हे दोन वेगवेगळ्या ठिकाणांपासून मोजायचं.

सुरुवात ०.०१००० पासून. निम्मी म्हणजे ०.००५००. तक्त्यात १०० सेकंदांना ०.००६४९ आहे आणि २०० सेकंदांना ०.००४८१, तेव्हा ०.००५०० ही किंमत २०० च्या थोडी अलीकडे येणार. दोन नोंदींमध्ये सरळ रेष धरून अंदाज केला तर साधारण १९० सेकंद येतात.

आता शेवटाकडून बघा. शेवटची संहती ०.००३८० आहे, तिची दुप्पट ०.००७६०. ही किंमत ५० सेकंदांच्या थोडी पुढे, अंदाजे ६० सेकंदांना येते. म्हणजे ०.००७६० पासून ०.००३८० पर्यंत यायला ६० ते ३०० असे सुमारे २४० सेकंद लागले.

पहिल्यांदा १९०, नंतर २४०. संहती जितकी कमी, तितका निम्मं होण्याचा काळ जास्त. प्रथम कोटीत हा काळ कुठूनही मोजला तरी तोच राहतो आणि शून्य कोटीत तो उलट घटत जातो. इथे तो वाढतोय. एकही आलेख न काढता आपल्याला कळलं की कोटी एकापेक्षा जास्त आहे. पुढची आकडेमोड या अंदाजाशी जुळली नाही, तर कुठेतरी चूक झालीये असं समजून मागे जायचं.

दोन रकाने वाढवा

आता प्रत्येक संहतीचा नैसर्गिक लॉग आणि व्यस्त काढा. बारावीच्या परीक्षेत लॉग टेबल वापरायचं असेल तर दहा पायाचा लॉग काढून त्याला २.३०३ ने गुणलं की झालं.

| वेळ | c | ln c | 1/c |
|---|---|---|---|
| ० | ०.०१००० | −४.६०५ | १००.० |
| ५० | ०.००७८७ | −४.८४५ | १२७.१ |
| १०० | ०.००६४९ | −५.०३८ | १५४.१ |
| २०० | ०.००४८१ | −५.३३७ | २०७.९ |
| ३०० | ०.००३८० | −५.५७३ | २६३.२ |

लॉगच्या रकान्यात दशांश चिन्हानंतर निदान तीन आकडे ठेवा. पुढे आपण शेजारच्या दोन लॉगची वजाबाकी करणार आहोत, आणि दोनच आकडे ठेवले तर बरीचशी अचूकता त्या वजाबाकीत जाते.

टप्प्याटप्प्याने उतार काढा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. आलेखाच्या आधी शेजारशेजारच्या दोन नोंदींमधला उतार काढायचा: राशीतला फरक भागिले वेळेतला फरक. इथे पहिले दोन टप्पे ५० सेकंदांचे आणि पुढचे दोन १०० सेकंदांचे आहेत. नुसते फरक बघून निष्कर्ष काढणारे इथेच फसतात, वेळेने भागायलाच हवं.

लॉगच्या रकान्यातले उतार क्रमाने असे येतात: −०.००४७९, −०.००३८६, −०.००३००, −०.००२३६. चारही वेगळे आहेत, आणि ते कसेही वरखाली होत नाहीत, एकाच दिशेने लहान होत जातात. शेवटचा उतार पहिल्याच्या जेमतेम निम्मा आहे. अभिक्रिया प्रथम कोटीची असती तर हे चारही जवळपास सारखे आले असते.

व्यस्ताच्या रकान्यातले उतार: ०.५४१, ०.५४०, ०.५३८, ०.५५३. हे चारही एकमेकांना धरून आहेत. शेवटचा किंचित मोठा आहे, पण त्याआधीचा किंचित लहान आहे, म्हणजे वाढत जाण्याचा किंवा घटत जाण्याचा कल नाही. असा विस्कळीत, लहानसा फरक मोजमापातल्या चुकीचा असतो. शेवटच्या टप्प्यात तो जास्त दिसतो, कारण संहती लहान झाली की तिच्यातली बारीकशी चूकही व्यस्तात मोठी होऊन येते. ०.००३८० ऐवजी ०.००३८२ वाचलं गेलं असतं, तर हाच उतार ०.५३९ आला असता.

खुद्द संहतीचे उतार बघायचे असतील तर पहिला शेवटच्याच्या चौपटीहून मोठा निघतो, तेव्हा शून्य कोटी बाद. कोटी दोन.

आलेख आणि R² चा चकवा

हे काम स्प्रेडशीटमध्येही सोपं आहे. A रकान्यात वेळ, B मध्ये संहती, दोन्ही दुसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत. C2 आणि D2 मध्ये पहिली दोन सूत्रं लिहून खाली ओढायची आणि मग उतार, छेद आणि बिंदू सरळ रेषेला किती जुळतात ते सांगणारा R² काढायचे:

```
C2:  =LN(B2)
D2:  =1/B2
=SLOPE(D2:D6, A2:A6)
=INTERCEPT(D2:D6, A2:A6)
=RSQ(D2:D6, A2:A6)
```

SLOPE मध्ये उभ्या अक्षावरची राशी आधी आणि वेळ नंतर लिहायची. उलट लिहिलं तरी आकडा येतोच, पण तो चुकीचा असतो.

आता तिन्ही आलेखांचा R² बघा. संहती विरुद्ध वेळ: ०.९२७. ln विरुद्ध वेळ: ०.९८२. व्यस्त विरुद्ध वेळ: ०.९९९९ च्याही वर. तिन्ही शेजारी ठेवले तर निवड उघड आहे. पण ज्याने फक्त ln चा आलेख काढला, त्याला ०.९८२ दिसतं आणि ‘अठ्ठ्याण्णव टक्के सरळ रेष’ म्हणून तो समाधानी होतो. नुकतीच सुरुवात करणाऱ्यांना मी हे पुन्हापुन्हा सांगतो: सतत एकाच दिशेने उतरणाऱ्या बहुतेक गुळगुळीत वक्रांना सरळ रेषेचा R² बरा येतोच. या आकड्यावरून एकट्या आलेखाचा निकाल लावता येत नाही.

निकाल लावायचा तर रेषेपासून प्रत्येक बिंदू किती दूर आहे ते बघा. ln च्या आलेखात उत्तम बसणारी रेषा काढली, की पहिला बिंदू रेषेच्या ०.०६३ ने वर असतो, मधले तीन खाली (०.०१८, ०.०५३ आणि ०.०३६ ने) आणि शेवटचा पुन्हा ०.०४५ ने वर. वर, खाली, खाली, खाली, वर. दोन्ही टोकं वर आणि पोट खाली, म्हणजे तो वक्र आहे आणि आपण त्यावर बळेच रेषा ओढली आहे. मोजमापातली चूक अशी शिस्तीत येत नाही. कागदावर हे बघायचं असेल तर आलेखाचा कागद डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून बिंदूंच्या रांगेतून बघा, वाकलेपणा लगेच कळतो.

वेग स्थिरांक आणि ती दोनाची भानगड

व्यस्ताच्या आलेखाचा उतार ०.५४३ येतो. एकक लिटर प्रति मोल प्रति सेकंद. एकक लक्षात ठेवायची गरज नाही: उभ्या अक्षाचं एकक लिटर प्रति मोल, आडव्याचं सेकंद, एकाला दुसऱ्याने भागायचं. प्रथम कोटीत ln ला एकक नसतं, म्हणून तिथे नुसतं ‘प्रति सेकंद’ उरतं. छेद ९९.८ येतो, आणि तो 1/c₀ म्हणजे १०० च्या जवळ असायला हवा. आहे.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे दोन पुस्तकांत दोन उत्तरं सापडतात. समीकरणात NO₂ च्या आधी २ आहे. काही जण अभिक्रियेचा वेग म्हणजे NO₂ कमी होण्याचा वेग धरतात, तेव्हा k = ०.५४३. काही जण त्या २ ने भागून अभिक्रियेचा वेग काढतात, तेव्हा आलेखाचा उतार 2k होतो आणि k = ०.२७२. दोन्ही रास्त आहेत, फक्त कोणता अर्थ घेतला ते उत्तरात लिहा. अर्धायुकाल काढताना मात्र हा वाद आणूच नका. निम्मं काय होतंय तर NO₂, आणि त्याच्या घटीचा हिशेब आलेखाच्या उतारात आहे. तेव्हा सूत्रात थेट उतार घाला. ०.२७२ घातलं तर अर्धायुकाल दुप्पट येईल, आणि तक्त्याकडे बघताच तो खोटा ठरेल.

अर्धायुकाल

द्वितीय कोटीच्या समीकरणात c च्या जागी c₀/2 ठेवा. डावीकडे 2/c₀ येतं, त्यातून 1/c₀ वजा केलं की उरतं 1/c₀ = kt. म्हणजे:

t½ = 1/(k·c₀)

k = ०.५४३ आणि c₀ = ०.०१००० घातलं की १ भागिले ०.००५४३, म्हणजे १८४ सेकंद. तक्ता नुसता वाचून आपण १९० म्हटलं होतं. दोन नोंदींमध्ये वक्राऐवजी सरळ रेष धरल्यामुळे तो अंदाज किंचित जास्त आला होता.

ln च्या चकव्यात सापडलेल्या माणसाचं काय झालं असतं? त्याचा उतार ०.००३१६५, आणि ०.६९३ ला त्याने भागलं की २१९ सेकंद. पण तक्ता सांगतो की २०० सेकंदांनाच संहती निम्म्याच्या खाली गेली आहे. अर्धायुकाल काढला की तो तक्त्यावर असा ताडून बघायचाच, त्याला काही सेकंदच लागतात.

आणखी एक. सूत्रात c₀ खाली आहे, त्यामुळे द्वितीय कोटीत ‘या अभिक्रियेचा अर्धायुकाल १८४ सेकंद’ हे वाक्य अपुरं आहे. ‘०.०१००० मोल प्रति लिटरपासून सुरुवात केल्यास’ हे सोबत लिहायला हवं. ०.००५०० पासून पुढे ०.००२५० पर्यंत जायला ३६८ सेकंद लागतील, बरोबर दुप्पट. प्रथम कोटीत t½ = 0.693/k, त्यात c₀ नाही. शून्य कोटीत t½ = c₀/(2k), तिथे c₀ वर आहे.

तुलनेसाठी प्रथम कोटीचं एक उदाहरण घेऊ. ३१८ केल्विनला डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनात संहती ०.०१६३ पासून सुरू होते आणि ३२०० सेकंदांनी ०.००३५ ला येते. ती निम्मी व्हायला साधारण १५०० सेकंद लागतात, आणि त्या निम्म्याची पुन्हा निम्मी व्हायला साधारण १४००. मोजमापातली चूक धरून दोन्ही सारखेच. ही अभिक्रिया द्वितीय कोटीची असती तर दुसऱ्या खेपेला ३००० च्या आसपास लागले असते. लॉगच्या उतारावरून k = ४.८ × १०⁻⁴ प्रति सेकंद आणि अर्धायुकाल सुमारे १४४० सेकंद.

किती लांबवर मोजायला हवं

स्वतः प्रयोग करणाऱ्याला हा प्रश्न सगळ्यात आधी पडायला हवा. समजा NO₂ च्या तक्त्यात फक्त पहिल्या तीनच नोंदी असत्या, १०० सेकंदांपर्यंतच्या. तोवर जेमतेम ३५ टक्के वायू संपलेला आहे. लॉगमधले दोन फरक आहेत ०.२४० आणि ०.१९३, वेगळे दिसतात. पण मधली नोंद २ टक्क्यांनी चुकली आणि ०.००७८७ ऐवजी ०.००८०३ वाचली गेली, तर तेच फरक होतात ०.२१९ आणि ०.२१३. म्हणजे एका नोंदीतल्या २ टक्के चुकीने द्वितीय कोटीची अभिक्रिया प्रथम कोटीची दिसू लागली. वक्राच्या लहान तुकड्यात वाकलेपणा कमीच असतो, आणि चूक त्याला सहज झाकते. म्हणून निदान एक अर्धायुकाल ओलांडून, जमल्यास दोन अर्धायुकालांपर्यंत मोजत राहा. त्याहून फार पुढे गेलात तर संहती इतकी लहान होते की व्यस्तातली चूक फुगते. शिवाय काही अभिक्रियांमध्ये साठलेली उत्पादनं उलट दिशेने जोडली जाऊ लागतात, आणि मग साधी समीकरणं लागू राहत नाहीत.

मोजलेली राशी खरंच संहती आहे ना, हेही तपासा. वायूंच्या प्रयोगात अनेकदा एकूण दाब मोजतात. NO₂ च्या विघटनात तो वाढत जातो, कारण दोन रेणूंचे तीन होतात. त्या एकूण दाबाचा ln किंवा व्यस्त काढण्याला काही अर्थ नाही. आधी NO₂ चा आंशिक दाब काढा. सुरुवातीला फक्त NO₂ असून त्याचा दाब P₀ असेल आणि नंतरचा एकूण दाब P असेल, तर उरलेल्या NO₂ चा दाब 3P₀ − 2P येतो. त्यावर वरच्या सगळ्या पायऱ्या करा.

तिन्ही आलेख वाकडे आले तर

असंही होतं. उष्णतेने होणारं ॲसिटाल्डिहाइडचं विघटन हे नेहमीचं उदाहरण, त्याची कोटी दीड आहे. ln चा आलेख हळूहळू सपाट होत जातो, व्यस्ताचा हळूहळू जास्त चढा होत जातो, आणि दोघांपैकी बरा कोणता हे ठरवत बसण्यात वेळ जातो. अशा वेळी सुरुवातीला केलेला अर्धायुकालाचा अंदाज पुन्हा कामाला येतो. कोटी n असेल तर अर्धायुकाल c₀ च्या (1 − n) घाताच्या प्रमाणात असतो. म्हणून दोन सुरुवातींपासूनचे दोन अर्धायुकाल घेतले की:

n = 1 + ln(t₂/t₁) / ln(c₁/c₂)

NO₂ वर हे करून बघा. नुसत्या नजरेने काढलेले १९० आणि २४० घातले, सोबत ०.०१००० आणि ०.००७६०, तर n = १.८५ येतो. दोन नोंदींमधली किंमत व्यस्ताच्या रकान्यातून नीट काढली की तेच काळ १८५ आणि २४२ होतात, आणि n येतो १.९८. उत्तर दीडच्या आसपास आलं असतं, तर संहतीच्या वर्गमुळाचा व्यस्त वेळेसमोर मांडायचा आणि त्याचे टप्प्याटप्प्याचे उतार पुन्हा तसेच तपासायचे.